टेबलाभोवती पाच जण: डाऊलंडच्या एका पानाचा प्रयोग

४ जानेवारी

ठरलं. जॉन डाऊलंड या इंग्रज रचनाकाराचं १५९७ चं पहिलं गाण्यांचं पुस्तक घ्यायचं, त्यातलं एक उघडं पान मूळ आकारात छापायचं आणि घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून, त्या काळी जसं गायले असतील तसं गायचं. लंडनमधल्या व्यापाऱ्याच्या किंवा वकिलाच्या घरी हे पुस्तक आलं, तेव्हा त्या घरातल्या गाण्यात नेमकं काय बदललं, एवढंच मला बघायचंय. वाचून माहिती होतं, पण गाऊन बघितलेलं नाही.

माणसं जमली. वरचा आवाज ताई गाईल. त्याखालचा आल्टो भाची, त्याखालचा टेनर मी. सगळ्यात खालच्या बाससाठी शेजारचे काका तयार झाले. ते मूळचे गोव्याचे, लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फा शिकलेले, त्यामुळे नोटेशन वाचण्यात आम्हा सगळ्यांच्या पुढे. भाचा गिटार वाजवतो. पुस्तकात साथीला ल्यूट आहे, गिटारसारखं जुनं तारवाद्य. ते कुणाकडेच नाही, गिटारवरच भागवायचं.

गाणं निवडलं ‘कम अगेन’. पुस्तकात सतरावं. सोपं आहे, आणि चौघांचंही आहे.

९ जानेवारी

पुस्तकाचे स्कॅन नेटवर फुकट मिळतात. पान फोलिओ आकाराचं, म्हणजे छापलेला मोठा कागद एकदाच दुमडलेला. आमच्या कामापुरतं एक पान ए४ धरलं, म्हणजे उघडं पुस्तक ए३ वर बसतं. झेरॉक्सवाल्याने न विचारता ‘फिट टू पेज’ करून चारी बाजूंनी पांढरी पट्टी सोडली. अक्षरं आधीच बारीक, ती आणखी बारीक झाली. परत छापून घेतलं.

पान पहिल्यांदा बघणाऱ्याला छपाई चुकली असं वाटतं. डाव्या पानावर वरच्या आवाजाची ओळ आणि तिच्याखाली ल्यूटची ओळ, दोन्ही सरळ. उजव्या पानावर मात्र उरलेले तीन आवाज तीन दिशांना तोंड करून. एक उलटा, एक आडवा. भाचीने कागद हातात घेऊन गोल फिरवला आणि म्हणाली, “मामा, हे वाचायचं कुणी?”

वाचायचं सगळ्यांनी, पण एका जागी बसून नाही. पुस्तक टेबलाच्या मधोमध उघडं ठेवायचं आणि ज्याचा आवाज ज्या बाजूला तोंड करून आहे त्याने त्या बाजूला बसायचं. एकाच पुस्तकात अख्खी बैठक. छापणाऱ्याने कुणी कुठे बसायचं तेही ठरवून टाकलंय.

१८ जानेवारी

छपाईकडे नीट बघायला म्हणून स्कॅन चारशे टक्के मोठा केला. स्वरांच्या पाच रेघा सलग नाहीत. जवळजवळ प्रत्येक स्वरामागे बारीक फट आहे, कुठे कुठे रेघ केसभर वरखाली झालीय. या फटी म्हणजेच सगळी गोष्ट.

१५०१ साली व्हेनिसमध्ये पेत्रुची या मुद्रकाने अनेक आवाजांचं संगीत छापलं, तेव्हा तो एकच कागद छापखान्यातून एकापेक्षा जास्त वेळा काढायचा: रेघा वेगळ्या, स्वर आणि शब्द वेगळे. दिसायला फार सुंदर, पण दुसऱ्या वेळी कागद जराही सरकला तर स्वर चुकीच्या रेघेवर बसणार आणि पान वाया. पुढे १५२८ च्या सुमारास पॅरिसमध्ये आतैन्याँने दुसरी पद्धत चालू केली. छपाईच्या प्रत्येक खिळ्यावर, म्हणजे टाइपवर, स्वर आणि त्याच्यामागचा रेघांचा तुकडा दोन्ही एकत्रच. असे खिळे शेजारी शेजारी लावले की ओळ तयार, आणि कागद एकदाच छापायचा. सांधे दिसतात ते दिसतातच. पण वेळ आणि मजुरी वाचते, आणि संगीताचं पुस्तक दरबाराबाहेरच्या गिऱ्हाईकालाही परवडण्याच्या टप्प्यात येतं. आमचं पान या दुसऱ्या पद्धतीचं.

या पद्धतीची एक अडचण मात्र आधी लक्षात आली नव्हती. एका खिळ्यावर एक स्वर, म्हणजे एका रेघापट्टीवर एकाखाली एक चार स्वर रचायचे म्हटलं की काम अवघड. गळ्याला एका वेळी एकच स्वर लागतो, तिथे हे चालून जातं. कळफलकाच्या वाद्याला नाही चालत. इंग्लंडमध्ये व्हर्जिनलसाठी पहिलं छापील पुस्तक, ‘पार्थेनिया’, १६१२-१३ च्या सुमारास आलं ते म्हणूनच खिळ्यांवर नाही, तांब्याच्या पत्र्यावर कोरून. म्हणजे घरात व्हर्जिनल वाजवणाऱ्या मुलीला छापील पुस्तकासाठी गाणाऱ्या भावापेक्षा कितीतरी वर्षं जास्त थांबावं लागलं. तोवर तिच्यासाठी शिक्षकाने हाताने उतरवून दिलेली वही.

२६ जानेवारी

आज भाच्याबरोबर ल्यूटची ओळ सोडवली.

या ओळीत स्वर नाहीतच. सहा आडव्या रेघा म्हणजे ल्यूटच्या सहा तारा (खरं तर तारांच्या जोड्या), सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात वरच्या सुराची तार. रेघेवर अक्षर. ‘ए’ म्हणजे तार मोकळी, ‘बी’ म्हणजे पहिला पडदा, ‘सी’ म्हणजे दुसरा. ताल वेगळ्या खुणांनी वर लिहिलेला. बस. कुठला सूर वाजतोय हे माहीत असण्याची गरजच नाही, बोट कुठे ठेवायचं तेवढं कळलं की झालं.

गिटार ल्यूटसारखी लावायला एक जुनी युक्ती आहे. तिसरी तार अर्ध्या सुराने उतरवायची आणि तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा. मग सहाही तारा ल्यूटच्या जी-लावणीशी जुळतात. जी मेजर कॉर्ड कागदावर असा दिसतो:

```
a
a
c
c
c
a
```

ताळा करून बघितला. ल्यूटच्या तारा वरून खाली जी, डी, ए, एफ, सी, जी. पहिल्या दोन मोकळ्या, म्हणजे जी आणि डी. तिसरी ए, दुसऱ्या पडद्यावर बी. चौथी एफ, दुसऱ्या पडद्यावर जी. पाचवी सी, दुसऱ्या पडद्यावर डी. सहावी मोकळी जी. सगळे मिळून जी, बी, डी. बरोबर.

भाच्याला पाश्चात्त्य नोटेशन अजिबात वाचता येत नाही, गिटार तो व्हिडिओ बघून शिकला. अर्ध्या तासात त्याने पहिल्या दोन ओळी अडखळत का होईना वाजवल्या. मी मात्र माझी टेनरची ओळ घेऊन तासभर बसलो होतो. ती सी क्लेफमध्ये आहे, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सुरांची जागा सांगणारी खूण वेगळी. आपण आज शिकतो त्या ट्रेबल किंवा बास क्लेफच्या हिशेबाने वाचली की प्रत्येक सूर चुकतो. शेवटी काकांनी सांगितलं, “अरे, ती खूण ज्या रेघेवर तिथे ‘सी’. ती रेघ पक्की धर आणि बाकी मोज.” आपण ‘सा’ हलवतो तसंच म्हणा ना. मग जमलं.

म्हणजे १५९७ च्या घरात एकाच पुस्तकात दोन वेगवेगळ्या साक्षरतांची माणसं सामावत होती. ज्याला फक्त अक्षरं आणि बोटं कळतात तो ल्यूट वाजवील, ज्याला स्वर वाचता येतात तो गाईल.

२ फेब्रुवारी

पहिली बैठक. साफ फसली.

आधी डोकी. ए३ कागदाभोवती पाच माणसं वाकली की डोकी एकमेकांवर आपटतात आणि प्रत्येकाची सावली दुसऱ्याच्या ओळीवर पडते. वरचा दिवा कामाचा नाही. दोन बाजूंना दोन टेबललॅम्प लावले तेव्हा काही दिसलं. मेणबत्तीच्या उजेडात हे करणाऱ्यांची कमाल आहे. भाच्याची अडचण वेगळी: गिटार टेबलाला अडकते म्हणून तो खुर्ची मागे घेतो, आणि मागे गेला की अक्षरं दिसत नाहीत.

मग खरी अडचण. गाण्यात एक जागा आहे जिथे वरचा आवाज छोटे छोटे तुकडे गातो, प्रत्येक तुकडा आधीच्याहून चढत जाणारा, आणि मधे क्षणभर विश्रांती. त्या पोकळीत ल्यूट बोलते. भाचीने तिच्या ओळीतली एक विश्रांती खाल्ली. ती अर्ध्या मात्रेने पुढे गेली, पण कळलं कुणालाच नाही, तिलाही नाही. कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर फक्त स्वतःची ओळ. चार आवाज एकाखाली एक मांडलेलं पान असतं तर नजर टाकून सापडलं असतं. इथे कळायला एकच मार्ग, ओळीचा शेवट. सगळे मिळून ज्या सुरावर टेकायचे तिथे आल्टो आधी पोचून एकटीच उभी. आम्ही तीनदा गायलो आणि तिन्ही वेळा वेगवेगळा माणूस आधी पोचला.

दुसरं, थांबून पुन्हा सुरू करायचं तर कुठून? पानावर मापांना आकडे नाहीत. शब्दच पकडून सांगावं लागतं, “त्या ‘टू सी’पासून.” आणि माझ्या ओळीत तो शब्द शोधायला मला कागदावर जवळजवळ आडवं व्हावं लागतं.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. पाच जणांत फक्त ताई आणि भाच्यासमोर दोन ओळी एकत्र आहेत, वरचा आवाज आणि ल्यूट. चुकलं कुठे हे दरवेळी आधी भाच्यालाच कळत होतं, फक्त तो सर्वांत धाकटा म्हणून गप्प होता. पुढच्या वेळी सूत्रं त्याच्याकडे.

१० फेब्रुवारी

तुलनेसाठी आज उलटा प्रयोग. तेच गाणं चार वेगळ्या वह्यांत उतरवलं, प्रत्येक आवाजाची वही वेगळी. डाऊलंडच्या आधी इंग्लंडमध्ये घरी गाण्यासाठी जे छापून निघायचं ते बहुतेक असंच असायचं. रचनाकार विल्यम बर्डचं १५८८ चं गाण्यांचं पुस्तक म्हणजे खरं तर पाच पुस्तकं. त्याच वर्षीचा ‘म्युझिका ट्रान्सअल्पिना’ हा इटालियन माद्रिगालांच्या, म्हणजे अनेक आवाजांच्या गाण्यांच्या, इंग्रजी भाषांतरांचा संग्रह चार, पाच आणि सहा आवाजांचा, म्हणून सहा पुस्तकांचा संच.

वह्या घेऊन बसलो तर डोकी आपटली नाहीत. जो तो आपली वही हातात धरून आरामात, कुणी सोफ्यावर, कुणी खिडकीशी. गाणंही बरं झालं. पण मग ताईला फोन आला आणि ती उठून गेली. तिची वही टेबलावर राहिली आणि आमचं गाणं तिथेच संपलं. वरचा आवाज गेला म्हणजे चालच गेली. चौघं पाहिजेत म्हणजे चौघंच पाहिजेत. वही हरवली तरी तेच. आज ग्रंथालयांत त्या काळातले कितीतरी संच असे अर्धवट आहेत, टेनर सापडतो तर बास नाही.

डाऊलंडच्या पानावर मात्र ताईची ओळ भाच्याच्या समोरच होती. मुखपृष्ठावरच लिहिलंय की सगळे आवाज एकत्र गा किंवा त्यातला कुठलाही सुटा घेऊन ल्यूट, ऑर्फेरियन किंवा व्हिओला द गांबा या तारवाद्यांबरोबर गा. आधी ते वाचून मला जाहिरातबाजी वाटली होती. आज कळलं की ती घराघराची अडचण ओळखून केलेली सोय आहे. आज चौघं जमले, चौघं गा. उद्या एकटाच आहे, ल्यूट घे आणि वरची ओळ गुणगुण. पुस्तक तेच.

बर्डनेही १५८८ मध्ये अशीच तडजोड केली होती, फक्त दुसऱ्या बाजूने. त्याची बरीच गाणी मुळात एक गळा आणि चार व्हायोल वाद्यं अशी होती. छापताना त्याने वाद्यांच्या ओळींनाही शब्द बसवले, म्हणजे ज्यांच्या घरी व्हायोल नाहीत त्यांनाही गाता यावं. छापायला द्यायचं म्हटलं की रचनाकाराला आपलं गिऱ्हाईक कोण आणि त्याच्या घरी किती माणसं याचा विचार करावा लागायला लागला.

१६ फेब्रुवारी

काकांना टॉमस मॉर्ली या रचनाकाराची गोष्ट सांगितली, ते खूप हसले. मॉर्लीचं संगीत शिकवणारं पुस्तकही १५९७ चंच, आणि छापणारा डाऊलंडचाच, पीटर शॉर्ट. पुस्तक संवादाच्या रूपात आहे. सुरुवातीला एक तरुण येतो आणि आपली फजिती सांगतो. कुणाकडे जेवायला गेला होता. जेवणं झाल्यावर रीतीप्रमाणे गाण्याची पुस्तकं टेबलावर आली, यजमानीणबाईंनी एक आवाज त्याच्या हातात दिला आणि गा म्हणाल्या. हा खूप नाही नाही म्हणाला, शेवटी खरंच येत नाही असं कबूल केलं, तर सगळे चकित, कुणी कुजबुजलंसुद्धा की हा वाढला तरी कसा. म्हणून आता गुरूच्या शोधात निघालाय.

ही गोष्ट सगळीकडे अशी सांगतात की जणू एलिझाबेथच्या काळात इंग्लंडमधला प्रत्येक सुखवस्तू माणूस कागद हातात दिला की गायचा. मला ते पटत नाही. गोष्ट सांगणारा गाणं शिकवण्याचं पुस्तक विकतोय. ज्याला येत नाही त्याला लाज वाटली पाहिजे, तरच पुस्तक खपणार. क्लास लावायला लावणाऱ्या जाहिराती आजही याच सुरात असतात. पण एक भाग खरा धरायला हरकत नाही: ही लाज नवीन होती. ऐकून ऐकून पाठ झालेलं गाणं येत नसलं तर कुणी हसत नाही. समोर ठेवलेला कागद वाचता येत नाही याची लाज वाटायला आधी घरात कागद यावा लागतो.

२३ फेब्रुवारी

पैशाची बाजू. इथे मी बराच वेळ रमलो.

१५७५ मध्ये एलिझाबेथ राणीने टॉमस टॅलिस आणि बर्ड या दोन रचनाकारांना एकवीस वर्षांचा मक्ता दिला. संगीत छापायचा हक्क त्यांचा, आणि रेघा आखलेला छापील कोरा कागद विकायचा हक्कही त्यांचाच. त्यांनी लगेच लॅटिन धार्मिक रचनांचं एक भारी पुस्तक काढलं आणि आपटले. दोनच वर्षांनी राणीकडे अर्ज: मक्त्यात आमचं, तेव्हाच्या चलनात, निदान दोनशे मार्कांचं नुकसान झालंय. गिऱ्हाईक होतं, पण त्यांना वाटलं त्या मालाला नव्हतं. १५८८ साली इंग्रजी शब्दांची गाणी आली तेव्हा चित्र बदललं. ‘म्युझिका ट्रान्सअल्पिना’ काढणारा निकोलस याँग प्रस्तावनेत लिहितो की माझ्या घरी रोज संगीत चालतं, सद्गृहस्थ आणि व्यापारी येतात, आणि इटलीहून दरवर्षी येणारी पुस्तकं मी त्यांना पुरवतो. म्हणजे मागणी घरांत आधीच तयार होती, फक्त तिची भाषा परकी होती.

मक्ता १५९६ मध्ये संपला. नवा १५९८ मध्ये मॉर्लीला मिळाला. डाऊलंडचं पहिलं पुस्तक बरोबर या मधल्या मोकळ्या फटीत छापलं गेलं. आणि ते खपलं: १६००, १६०३, १६०६, १६१३, इतक्या वेळा पुन्हा छापावं लागलं.

दुसऱ्या पुस्तकाची कथा त्याहून मजेदार. १६०० साली डाऊलंड डेन्मार्कच्या दरबारात नोकरीला. हस्तलिखित लंडनला बायकोकडे. जॉर्ज ईस्टलंड नावाच्या माणसाने तिला वीस पौंड देऊन ते घेतलं आणि टॉमस ईस्ट या मुद्रकाकडे छापायला टाकलं, साधारण एक हजार प्रती. मग दोघांचं फाटलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्यात बाहेर आलं की छापखान्यातल्या कामगारांनी गुपचूप जास्तीच्या प्रती छापून घेतल्या होत्या. नकली माल काढण्याइतकी किंमत असलेली वस्तू होती ती, एवढं यावरून नक्की.

पण हजार प्रती म्हणजे तरी किती? अख्ख्या देशात हजार घरं, तीही पैसेवाली. छपाईने गाणं घरोघर पोचवलं असं मी स्वतः एका लेखात ठोकून दिलं होतं, ते वाक्य आता खोडतो. शेतकऱ्याच्या किंवा मोलकरणीच्या घरी पोचला असेल तर पेनीला मिळणारा बॅलडचा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या गाण्याचा, एकपानी कागद. त्यावर बहुतेक वेळा स्वर नसायचेच, फक्त शब्द आणि ‘अमुक चालीवर’ एवढी सूचना. चाल कानानेच यायची, पूर्वीसारखी.

१ मार्च

दुसरी बैठक. बदल तीन. कागद टेबलावर सपाट न ठेवता खाली चार इंचांची पेटी ठेवून उंच केला, त्यामुळे वाकणं कमी. भाचा डाव्या पानासमोर मधोमध, आणि दर ओळीच्या शेवटी मानेने खूण करणार. आणि गायच्या आधी प्रत्येकाने आपल्या विश्रांती बोटावर मोजून ताल धरत नुसते शब्द म्हणायचे.

शब्दांचा सराव दोनदा, मग गाणं. त्या चढत्या तुकड्यांच्या जागी भाची आज घसरली नाही, मीच घसरलो, पण भाच्याने मान हलवली आणि मी एक सूर गाळून परत ओळीत आलो. शेवटचा सूर चौघांचा एकत्र पडला. ताई म्हणाली, “परत.” परत गायलो. तिसऱ्या वेळेपर्यंत कागदाकडे बघायची गरज कमी झाली होती आणि काका डोळे मिटून गात होते.

मग काकांनी विचारलं, त्यांची ओळ त्यांना घरी न्यायचीय, सावकाश बसवायला, ती कशी नेणार? पुस्तक तर एकच. भाचीने वहीचं पान फाडलं, पट्टीने पाच पाच रेघा आखल्या आणि बासची ओळ उतरवायला बसली. वीस मिनिटं लागली, रेघा आखण्यातच दहा. टॅलिस आणि बर्डच्या मक्त्यात आखलेला कोरा कागद का होता ते मला तिथे टेबलाशी बसून उमगलं. छापील पुस्तक आलं म्हणून हाताने उतरवणं थांबलं नव्हतं, उलट उतरवून घ्यायला आता जास्त काही होतं. त्या काळच्या हस्तलिखित वह्यांत छापील पुस्तकांतून उतरवलेली गाणी सापडतात.

उतरवताना भाचीने एक विश्रांती गाळली. काकांनी गाऊन दाखवलं तेव्हा सापडली, खोडून मधे घुसवली.

पुढच्या रविवारी ताई नाहीये. भाचा आणि काका दोघंच ल्यूट आणि बास एवढ्यावर ‘नाऊ, ओ नाऊ’ बसवून बघणार आहेत. त्या पानाची ए३ प्रत उद्या आणायची, आणि या वेळी दुकानात उभं राहून, शंभर टक्क्यांवर.